झूम केल्यावर फोटो ‘फाटतो’ तेव्हा नेमकं काय होतं: दोन तासांची वर्ग-कार्यशाळा

प्रश्न: सहावी-सातवीच्या चाळीस मुलांसाठी दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. फोटो झूम केला की त्याचे चौकोन का दिसतात, हे वर्गातल्या साध्या साहित्यात कसं शिकवू? मागच्या वेळी मी फोनवर फोटो मोठा करून दाखवला, पण चौकोन दिसलेच नाहीत, नुसतं धूसर झालं आणि मुलं माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे एक फोन आणि एक संगणक आहे, मुलांकडे काही नाही.

उत्तर:

सुरुवात फोनने करू नका, मुलांच्या एका शब्दाने करा. चौकोन का दिसतात असं विचारलं की निम्मा वर्ग सांगतो, ‘जास्त झूम केलं की फोटो फाटतो.’ हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहा आणि त्या वेळी दुरुस्त करू नका. मुलांचा सगळा गैरसमज या एका क्रियापदात आहे. फाटते ती वस्तू आधी अखंड असते. म्हणजे मुलांच्या मनात फोटो हे एक सलग कापड आहे, त्यात बारीकसारीक सगळं आहे, आणि आपण ताणलं म्हणून ते बिघडलं. खरं तर झूम काहीच बिघडवत नाही. जे दिसत नाही ते फोटो काढला त्याच क्षणी नोंदवायचं राहून गेलं होतं, झूमने फक्त ते उघड केलं. दोन तासांत मुलांना एवढं एकच स्वतःच्या हाताने सापडलं पाहिजे. म्हणून मी पहिला तास पूर्ण कागदावर घेते. फोन आणि संगणक नंतर.

मुलांचे आठ गट करा, पाच-पाच जणांचे. चौकटीच्या वहीची पानं, पेन्सिली, खोडरबर आणि तुम्ही आधीच काढून आणलेलं एका किल्लीचं चित्र एवढंच साहित्य. चित्र १६ × १६ चौकोनांचं, फक्त काळं-पांढरं. गोल डोकं, त्यात भोक, आडवा दांडा आणि खाली दात. किल्ली मुद्दाम निवडली आहे, कारण तिच्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात बारीक असते, आणि त्याचा उपयोग पुढे होतो. चित्रातला प्रत्येक चौकोन पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा ठेवा. अर्धवट रंगलेला एक चौकोन राहिला तरी मुलं त्यावर दहा मिनिटं वाद घालतात.

हे चित्र फक्त चार गटांना द्या. उरलेल्या चार गटांना ते दिसता कामा नये. त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या चित्रावर काम द्या, पान, मासा, काहीही चालेल.

आता काम असं: चित्रावर दोन-दोन चौकोनांचे मोठे चौकोन पाडायचे, म्हणजे प्रत्येक मोठ्या चौकोनात चार लहान. चारपैकी किती काळे, तो आकडा ० ते ४ मध्ये लिहायचा. १६ × १६ चे ८ × ८ होतात आणि २५६ चौकोनांऐवजी ६४ आकडे उरतात. दांड्याच्या एका तुकड्यावर ते असं दिसतं:

```
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■
■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■        4  4  4  4
■ □ ■ □ □ ■ □ ■   →    2  1  2  1
■ □ □ □ □ ■ □ □
```

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोठे चौकोन एका घराने सरकणं. एक मूल दुसऱ्या घरापासून मोजायला लागतं आणि पुढची सगळी ओळ चुकते. झेरॉक्स काढण्याआधी दर दुसरी रेघ जाड करून ठेवा, हा त्रास संपतो. एका गटातल्या मुलांनी ओळी वाटून घेतल्या तर काम पंधरा मिनिटांत होतं.

मोजून झाल्यावर सांगा की कॅमेऱ्याने हेच केलं. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी बारीक घरं असतात. प्रत्येक घरावर पडलेला सगळा प्रकाश एकत्र होतो आणि त्या घराचा एकच आकडा बनतो. घराच्या डाव्या बाजूला उजेड होता की उजव्या, हे आकड्यात राहत नाही. फोटोतल्या अशा एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. रंगीत फोटोत एका पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, पण ते या वर्गात आणू नका. मी एकदा रंगांसकट घ्यायचा प्रयत्न केला होता. मुलं रंग मिसळण्यात रमली आणि मूळ मुद्दा बाजूला पडला.

याच जागी मी एक गोष्ट सांगते. १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो पहिल्यांदा संगणकात घातला. ५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचे १७६ × १७६ म्हणजे ३०,९७६ चौकोन, आणि यंत्राला प्रत्येक चौकोन काळा की पांढरा एवढंच सांगता येत होतं. राखाडी छटांसाठी त्यांना काळं-पांढरं ठरवायची पातळी बदलून तोच फोटो पुन्हा वाचावा लागला. त्या चौकोनाची बाजू पाव मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी होती. मुलांना विचारा, फोटोतल्या बाळाची एखादी पापणी त्याहून बारीक असेल तर तिचं काय झालं असेल? उत्तर स्वतः देऊ नका. पुढची कृती झाल्यावर ते आपोआप येतं.

पुढची कृती हा कार्यशाळेचा गाभा आहे, तिला पूर्ण अर्धा तास द्या. किल्ली मोजलेल्या गटांकडून आकड्यांचे कागद घ्या. चारही कागदांवर तेच आकडे आले पाहिजेत, ते आधी तपासा. मग हे कागद, मूळ चित्राशिवाय, दुसऱ्या चार गटांना द्या. सांगा, ‘या आकड्यांवरून मूळ १६ × १६ चं चित्र परत काढा. नियम एकच. तुम्ही काढलेल्या चित्रात मोजलं की हेच आकडे आले पाहिजेत.’

० आणि ४ लगेच होतात. गाडी अडते ती २ वर. चारपैकी कोणते दोन काळे करायचे? कोणी डावे दोन करतं, कोणी वरचे, कोणी तिरपे. चित्रं तयार झाली की चारही फळ्यावर शेजारी-शेजारी लावा आणि मग मूळ चित्र लावा. दांडा सगळ्यांचा सारखा येतो. दात प्रत्येकाचे वेगळे.

एका वर्गात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, आमचं चूक कसं? आम्ही मोजून बघितलं, सगळे आकडे जुळतात!’ तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि तिच्या चित्रातले आकडे सगळ्या वर्गाकडून मोजून घेतले. खरंच सगळे जुळत होते. मग शेजारच्या गटाचे मोजले, तेही जुळत होते. वर्ग गप्प झाला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, ‘म्हणजे आकड्यांनाच माहीत नाहीये.’ त्या दिवशी मला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही.

तुमच्या वर्गातून हे वाक्य आलं नाही तर हिशेबाने तिथवर न्या. मुलांना विचारा, चार घरांत दोन काळी करण्याचे प्रकार किती? शोधून शोधून सहा सापडतात. एक काळं करण्याचे चार. वरच्या तुकड्यात खालच्या ओळीत २, १, २, १ आहेत. म्हणजे ६ × ४ × ६ × ४, एकूण ५७६ वेगवेगळे दातांचे नमुने याच चार आकड्यांत बसतात. कुलूप त्यातल्या एकाच किल्लीने उघडणार. आता विचारा, ‘झूम’ नावाच्या बटणाला या ५७६ मधली बरोबर किल्ली कुठून कळणार? मुलं दाताचं उदाहरण विसरत नाहीत, कारण जवळजवळ बरोबर किल्लीचा उपयोग नसतो, हे त्यांना आधीच माहीत असतं.

कोणीतरी विचारेलच की, धूसर फोटो स्पष्ट करून देणारी ॲप असतात, त्यांचं काय? सरळ उत्तर द्या. ती ॲप पुष्कळ किल्ल्या पाहिलेल्या माणसासारखा अंदाज बांधतात आणि शोभतील असे दात काढतात. चित्र सुंदर दिसतं, पण ते या कुलपाचे दात असतीलच असं नाही.

वर्ग पुढे असेल तर इथे दहा मिनिटांची एक जोड देण्यासारखी आहे, मला ती फार आवडते. मूळ चित्रावर मोठे चौकोन मुद्दाम एका घराने उजवीकडे सरकवून पुन्हा मोजायला लावा. वरच्या तुकड्याच्या खालच्या ओळीत, पहिला उभा रकाना सोडून, आता १, ०, २ येतात. हे तीन आणि आधीचे चार आकडे एकत्र ठेवले की रकान्यांचा गुंता सुटत जातो. मधला ० सांगतो की चौथा आणि पाचवा रकाना पूर्ण पांढरे आहेत. म्हणून तिसऱ्यात एक काळं आहे आणि सहावा पूर्ण काळा. मग दुसरा पांढरा, पहिला काळा, सातवा पांढरा आणि आठव्यात एक काळं. शिल्लक शंका दोनच: तिसऱ्या आणि आठव्या रकान्यातलं काळं घर वर आहे की खाली. ५७६ वरून आपण ४ वर आलो. म्हणजे हरवलेलं परत मिळतं, पण नवीन मोजणी केली तरच. काही फोन एका फोटोसाठी हात किंचित हलत असताना पाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते जोडतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आता झूम. किल्लीच्या ६४ आकड्यांना छटा द्यायच्या, पण पेन्सिलीच्या दाबावर छटा सोडल्या तर प्रत्येकाचा ‘फिकट’ वेगळा येतो आणि चित्र ओळखू येत नाही. रेघांचा नियम ठेवा. ० म्हणजे कोरा, १ म्हणजे दूर-दूर तिरप्या रेघा, २ म्हणजे जवळ-जवळ तिरप्या, ३ म्हणजे दोन्ही बाजूंनी तिरप्या, ४ म्हणजे पूर्ण काळा. चार गट हे चित्र अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनांत काढतील, उरलेले चार गट तेच आकडे घेऊन ४ सेंटिमीटरच्या चौकोनांत, जोडलेल्या कागदांवर. दोन्ही शेजारी लावली की लहान चित्र बरं दिसतं आणि मोठं ठोकळ्यांचं. पण आकडे तेच, ६४ चे ६४. विचारा, ‘मोठं करताना कोणी एखादा आकडा खोडला का? बदलला का?’ नाही. मग फाटलं काय? या प्रश्नावर थांबा आणि फळ्यावरचं पहिलं वाक्य मुलांनाच बदलायला सांगा.

मोठ्या चित्राकडे डोळे बारीक करून बघायला सांगा, चष्मेवाल्यांना चष्मा काढून. ठोकळे विरघळतात आणि किल्ली पुन्हा दिसते. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकन यांचा चेहरा असाच मोजक्या ठोकळ्यांत दाखवला होता. जवळून तो ओळखू येत नाही, डोळे बारीक केले की येतो. ठोकळ्यांच्या धारदार कडा चित्रात मुळात नसतात. त्या आपल्या मांडणीतून आलेल्या असतात आणि नजरेला खऱ्या आकारापासून दूर नेतात. नजर धूसर केली की आधी त्या कडा पुसल्या जातात.

पुष्कळ शिक्षक इथे मुलांना वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी नेतात आणि तरी ठोकळे दिसतच राहतात. कारण साधं आहे. निकोप नजरेला एखादी वस्तू तिच्या आकाराच्या सुमारे ३४०० पट अंतरापर्यंत वेगळी ओळखता येते. म्हणजे नुसता १ सेंटिमीटरचा चौकोन दिसेनासा व्हायलाही सुमारे ३४ मीटर लागतील, आणि एवढा वर्ग कुठे असतो? अंतराचाच प्रयोग करायचा असेल तर २ मिलिमीटरचे चौकोन छापून आणा, ते सुमारे ७ मीटरवर मिटतात. नाहीतर डोळे बारीक करण्यावर भागवा.

आता तुमच्या फोनकडे वळू, कारण त्याने तुम्हाला धूसर चित्र दाखवलं ते चुकून नाही. फोटो मोठा करायचा म्हणजे दोन पिक्सेलांच्या मध्ये नवीन घरं तयार होतात आणि त्यांत काहीतरी भरावं लागतं. हे मुलांच्या अंगावर करा. दोन मुलांना वर्गासमोर उभं करा, एकाच्या हातात ० चं कार्ड, दुसऱ्याच्या हातात ४ चं. मध्ये तीन मुलं मोकळी कार्डं घेऊन उभी राहतील. पहिला नियम: जवळच्या शेजाऱ्याचा आकडा उतरवा. पहिलं मूल ० लिहितं, तिसरं ४, आणि मधलं अडकतं, कारण दोघेही सारखेच जवळ. त्याला सांगा, अडलं तर डावीकडचा घ्यायचा. रांग झाली ०, ०, ०, ४, ४. एकदम उडी आली, म्हणजे कड आली, म्हणजे ठोकळा दिसला. दुसरा नियम: पायरी-पायरीने चढत जा. रांग झाली ०, १, २, ३, ४. कड नाही, पण सगळं पसरट. हे धूसर.

फोनमधली बहुतेक फोटो पाहायची ॲप दुसऱ्या नियमाने भरतात, म्हणून तुम्हाला ठोकळ्यांऐवजी धुकं दिसलं. मधल्या तीन मुलांना विचारा, ‘तुमच्याकडचा आकडा खऱ्या दृश्यात कोणी मोजला होता का?’ दोन्ही नियमांत उत्तर नाहीच. ठोकळे आणि धूसरपणा या एकाच रिकाम्या जागा भरायच्या दोन पद्धती आहेत, हे मुलांना कळलं की तुमचा मागचा अनुभवही त्यांना समजावून सांगता येईल.

खरे चौकोन दाखवायचेच असतील तर संगणक वापरा. ‘पेंट’मध्ये फोटो उघडून ८०० टक्के मोठा केला की एकेक पिक्सेल ठसठशीत दिसतो. किंवा फोटो आधी ४०-५० पिक्सेल रुंदीचा करून `photo.jpg` नावाने ठेवा आणि ही ओळ `zoom.html` नावाच्या फाइलमध्ये, फोटो असलेल्या फोल्डरमध्येच ठेवून ब्राउझरमध्ये उघडा:

```html
<img src="photo.jpg" style="width:1000px; image-rendering:pixelated">
```

त्यातलं `pixelated` काढून तिथे `auto` लिहिलं की तोच फोटो धूसर होतो. दोन्ही एकामागोमाग दाखवा. रांगेत उभी राहिलेली मुलं लगेच ‘पहिला नियम, दुसरा नियम’ असं ओरडतात.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. फॉरवर्ड होत आलेला फोटो मोठा केला तर त्यात मोठे-मोठे ठोकळे दिसतात, विशेषतः आकाशात किंवा चेहऱ्याच्या कडेला, आणि ते पिक्सेल नसतात. जेपेग पद्धतीत फाइल लहान करताना फोटोचे ८ × ८ पिक्सेलांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील कमी केला जातो. जास्त दाबलं की तुकड्यांच्या शिवणी दिसायला लागतात. ओळखायचं कसं? ‘पेंट’मध्ये त्या ठोकळ्याच्या एका बाजूवर किती बारीक चौकोन बसतात ते मोजा. आठ भरले तर ती शिवण आहे. वर्गात हा विषय मुलांनी काढला तरच काढा, पण दाखवायला आणलेला फोटो मात्र फॉरवर्ड झालेला नसावा.

तसंच, पडद्यावर पाण्याचा थेंब टाकून लाल-हिरवे-निळे ठिपके दाखवायचा मोह टाळा. दृश्य छान असतं, पण ते पडद्याचे ठिपके आहेत, फोटोचे नव्हेत. त्यानंतर मुलं दोन्हींची गल्लत करतात आणि मग पडदा चांगला असेल तर फोटो फाटणार नाही, असा निष्कर्ष काढतात.

शेवटचा अर्धा तास भिंतीसाठी ठेवा. इथे मुलांना झूम करण्याआधीच सांगता येतं की कुठे काय दिसेनासं होणार. फोनने काढलेल्या एका फोटोची माहिती उघडून पिक्सेल वाचा. बऱ्याच फोनमध्ये ते ४००० × ३००० च्या आसपास असतात, म्हणजे १ कोटी २० लाख. आता भिंतीवर बरोबर ४ मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि त्या खुणा फोटोच्या डाव्या-उजव्या कडांना लागतील इतकं मागे जा. साध्या मुख्य कॅमेऱ्याने हे साधारण तीन-सव्वातीन मीटरवरून जमतं. फोनमधला झूम बंद ठेवा. ४ मीटर म्हणजे ४००० मिलिमीटर, आणि पिक्सेल ४०००. भिंतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे फोटोतला एक पिक्सेल, इतका सोपा हिशेब दुसऱ्या कुठल्या मापात येत नाही.

फोटोच्या मध्यभागी येतील असे चार कागद चिकटवा. त्यांवर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या छापलेल्या: ८, ४, २ आणि अर्धा मिलिमीटर रुंदीच्या. छापायची सोय नसेल तर पहिले दोन हाताने होतात, बाकीच्यांसाठी छपाईच लागते. फोटो काढायच्या आधी प्रत्येक गटाने कागदावर लिहायचं: कोणत्या पट्ट्या मोजता येतील, कोणत्या राखाडी होतील? अर्ध्या मिलिमीटरच्या बाबतीत मुलं बिनचूक सांगतात, कारण एका घरात एक काळी आणि एक पांढरी पट्टी सामावते, म्हणजे किल्लीतला २. ती राखाडीच होणार. ८ आणि ४ स्पष्ट दिसतात. २ मिलिमीटरवर मतभेद होतात. हिशेबाने पट्टीला दोन पिक्सेल मिळतात, म्हणजे दिसायला हवी, पण प्रत्यक्षात ती फिकट आणि कडांना मऊ दिसते. खोलीत उजेड कमी असेल तर नाहीशीही होते. भिंगाची धार अमर्याद नसते, हात हलतो, आणि अंधारात फोटोत येणारे दाणेदार ठिपके पुसताना फोन तपशीलही पुसतो. मुलांना हे फरक सांगा, झाकू नका.

एखाद्या वेळी बारीक पट्ट्यांच्या जागी रुंद, लाटांसारख्या पट्ट्या दिसतात, ज्या कागदावर नसतातच. पट्ट्या आणि पिक्सेलची घरं यांची रुंदी जवळपास सारखी पण नेमकी सारखी नसेल तर असं होतं. काही घरांत काळं जास्त पडतं, पुढच्या काही घरांत पांढरं, आणि तो फरक हळूहळू सरकत जातो. घाबरून कागद काढू नका. चौकटीच्या वहीवर एकाने घराच्या रुंदीपेक्षा किंचित वेगळ्या अंतराने रेघा मारल्या आणि दुसऱ्याने प्रत्येक घरातल्या मोजल्या तर हीच लाट आकड्यांत दिसते.

मग तोच फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून दाखवा, निरोप पाठवायच्या ॲपमधून गेलेला फोटो बरेचदा एवढाच उरतो. हिशेब मुलांना करू द्या: ४००० भागिले १६००, म्हणजे एका पिक्सेलमध्ये अडीच मिलिमीटर. दाखवण्याआधी पुन्हा अंदाज लिहून घ्या. २ मिलिमीटरच्या पट्ट्या आता जाणार, ४ च्या काठावर येणार आणि ८ च्या टिकणार.

मुलांना समजलं की नाही हे मी एका प्रश्नावरून ओळखते, आणि तो भिंतीच्या फोटोनंतरच विचारते: ‘इथे उभं राहून फोटो काढला आणि मग झूम केलं, किंवा दोन पावलं पुढे जाऊन फोटो काढला. दोन्हीत काय फरक?’ ज्यांना फक्त शब्द पाठ झाले ती म्हणतात, जवळचा फोटो चांगला येतो. ज्यांना समजलं ती भिंतीकडे बघून मोजायला लागतात. एका मुलाने दीड मीटरवर उभं राहून सांगितलं की आता भिंतीचे दोनच मीटर आत मावतात, म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल मिळतील, आणि मग अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांचा फोटो पुन्हा काढायला माझ्याकडून फोन मागून घेतला.